विश्लेषण : ग्रामसभेचा ठराव वीस वर्षांनी सापडेल का? डिजिटल स्वाक्षरी आणि इतिवृत्ताचे जतन

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारच्या ग्रामसभेने शेतीच्या सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी भरपूर पाणी लागणारी पिके घ्यायची नाहीत, असे निर्णय घेतले आणि ते वर्षानुवर्षे पाळले. पाण्याचा ताळेबंद तेथे आजही ग्रामसभेपुढे मांडला जातो. अशा निर्णयाचा कागदोपत्री आधार एकच असतो, तो म्हणजे ग्रामसभेचे इतिवृत्त. गावात नव्याने कोणी बोअर घेऊ लागला, की पहिला प्रश्न येतो : ठराव कधी झाला, शब्द नेमके काय होते आणि ते पान कुठे आहे?

बहुतेक गावांत याचे उत्तर कपाटातील प्रोसिडिंग बुकमध्ये असते. वही ओलाव्याने खराब होते, वाळवी लागते, बदलीच्या वेळी हस्तांतर यादीत एखादी वही राहून जाते. म्हणून अनेक कार्यालये इतिवृत्त संगणकावर टाइप करून त्यावर डिजिटल स्वाक्षरी करू लागली आहेत. मात्र, स्वाक्षरी केलेली फाइल संगणकात ठेवली म्हणजे काम झाले असे नाही. स्वाक्षरी कधी केली, फाइल कोणत्या स्वरूपात आहे आणि मराठी मजकूर कसा टाइप केला, या तीन गोष्टींवर ती फाइल २०४५ मध्ये उपयोगी पडेल की नाही हे ठरते.

इतिवृत्तावर स्वाक्षरी नेमकी कधी करायची?

प्रत्येक ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. म्हणजे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेचे इतिवृत्त साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचले जाते आणि तेथे दुरुस्त्या होऊन कायम होते. तोपर्यंत तो मसुदा असतो.

सर्वात जास्त चूक इथेच होते. सभेच्या दुसऱ्याच दिवशी मसुद्यावर डिजिटल स्वाक्षरी केली जाते. मग पुढच्या सभेत कोणी म्हणते, ‘ठराव क्रमांक ७ मध्ये गट नंबर चुकला आहे.’ कागदावर ते खोडून बाजूला सही करता येते. डिजिटल स्वाक्षरी झालेल्या फाइलमध्ये एक आकडा जरी बदलला, तरी स्वाक्षरी अवैध दाखवते. मग नवी फाइल तयार करून पुन्हा स्वाक्षरी होते आणि एकाच सभेची दोन ‘स्वाक्षरीत’ इतिवृत्ते फिरू लागतात. पुढे वाद झाला, की प्रत्येक बाजू आपल्या सोयीची प्रत दाखवते.

म्हणून क्रम असा असावा : मसुदा, वाचन, दुरुस्ती, कायम झाल्याची नोंद, अंतिम फाइल आणि मगच स्वाक्षरी. कायम झाल्यावर चूक लक्षात आली, तर जुन्या फाइलला हात न लावता नव्या सभेत दुरुस्तीचा ठराव करायचा आणि नोंदवहीत दोन्ही ठराव एकमेकांशी जोडून ठेवायचे.

डिजिटल स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र का?

नाही. सहीचा फोटो काढून फाइलवर चिकटवणे ही डिजिटल स्वाक्षरी नव्हे. तो फोटो कोणीही उचलून दुसऱ्या कागदावर लावू शकतो.

खऱ्या डिजिटल स्वाक्षरीत संगणक संपूर्ण फाइलवरून गणिताने एक ठसा काढतो. त्याला हॅश म्हणतात. सध्या त्यासाठी एसएचए-२५६ ही पद्धत वापरतात. फाइल दोन पानांची असो वा दोनशे पानांची, हा ठसा २५६ बिटचाच असतो आणि फाइलमधला एक अनुस्वार जरी बदलला, तरी तो पूर्णपणे बदलतो. हा ठसा स्वाक्षरी करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद केला जातो. ती किल्ली पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या यूएसबी टोकनमध्ये असते आणि पिन टाकल्यावरच काम करते. तपासणारा संगणक फाइलचा ठसा नव्याने काढतो आणि स्वाक्षरीतल्या ठशाशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले, तर फाइल बदललेली नाही.

हे टोकन ग्रामपंचायतींना नवे नाही. वित्त आयोगाच्या निधीतील देयके ई-ग्रामस्वराज प्रणालीतून देताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. शेतकऱ्यांनाही डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा परिचयाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ५ नुसार जिथे कायद्याला सही लागते, तिथे विहित पद्धतीची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी चालते.

आधारवरील ओटीपीने होणारी ‘ई-साइन’ हा दुसरा मार्ग आहे. त्यात टोकन लागत नाही. स्वाक्षरीच्या क्षणी किल्ली तयार होते, वापरली जाते आणि नष्ट केली जाते. त्या वेळी मिळणारे प्रमाणपत्र अवघ्या ३० मिनिटांसाठी वैध असते. ज्यांना वर्षातून चारच वेळा स्वाक्षरी करायची आहे, त्यांना हा मार्ग सोपा पडतो.

यात एक धोका मात्र ओळखून असावा. टोकन संगणक चालकाकडे आणि पिन त्याच्याच वहीत, ही पद्धत अनेक ठिकाणी दिसते. कलम ४२ नुसार किल्लीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी ज्याच्या नावाचे प्रमाणपत्र आहे त्याची आहे. टोकन दुसऱ्याने वापरले, तरी फाइलवर नाव सरपंचांचेच उमटते आणि ‘मी केली नाही’ हे सिद्ध करण्याचे ओझेही त्यांच्यावर येते.

प्रमाणपत्राची मुदत संपली, तर जुनी स्वाक्षरी बाद होते का?

भारतात टोकनवरील डिजिटल प्रमाणपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी मिळते. सरपंचांचा कार्यकाळ पाच वर्षांचा, अधिकाऱ्याची बदली त्याआधीही होते. ठराव मात्र वीस-तीस वर्षे लागू राहू शकतो.

मुदतीत केलेली स्वाक्षरी मुदत संपल्यावर चुकीची ठरत नाही. प्रश्न वेगळाच असतो : ती मुदतीतच केली होती, हे कशावरून? फाइलवर दिसणारी वेळ बहुतेकदा कार्यालयातील संगणकाच्या घड्याळाची असते आणि ते घड्याळ कोणालाही मागे घेता येते. त्यामुळे स्वाक्षरी करतानाच दोन गोष्टी फाइलमध्ये बसवाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे विश्वासार्ह वेळेचा शिक्का. हा शिक्का परवानाधारक प्रमाणन संस्थेच्या सर्व्हरकडून येतो आणि अमुक ठशाची फाइल अमुक वेळी अस्तित्वात होती, असे तो सांगतो. दुसरी गोष्ट म्हणजे प्रमाणपत्र त्या दिवशी रद्द झालेले नव्हते याचा पुरावा. हा पुरावा प्रमाणन संस्थेच्या संकेतस्थळावर असतो. दहा वर्षांनी ती संस्था किंवा तो पत्ता असेलच असे नाही. म्हणून तो फाइलच्या पोटातच ठेवायचा. ॲक्रोबॅटमध्ये स्वाक्षरीवर उजवी क्लिक केल्यावर `Add Verification Information` हा पर्याय दिसतो, तो यासाठीच आहे. या दोन्ही गोष्टी असलेल्या फाइलला दीर्घकालीन पडताळणीयोग्य फाइल म्हणतात. ई-साइनच्या बाबतीत वेळेचा शिक्का अधिकच महत्त्वाचा, कारण तेथे प्रमाणपत्राचे आयुष्यच अर्ध्या तासाचे आहे.

एवढे करूनही गणिताच्या पद्धती म्हाताऱ्या होतात. एसएचए-१ ही एके काळची सर्वमान्य पद्धत. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅममधील सीडब्ल्यूआय या संस्थेच्या संशोधकांनी दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइलींचा एसएचए-१ ठसा एकच येतो, हे करून दाखवले. आजची पद्धतही कधीतरी कमकुवत होईल. त्यावर उपाय म्हणजे जुनी पद्धत मोडण्याआधीच संपूर्ण फाइलवर नव्या पद्धतीचा वेळ-शिक्का मारणे. पहिली स्वाक्षरी तशीच राहते आणि तिच्याभोवती नवे कवच बसते. वेळ-शिक्क्याच्या प्रमाणपत्रालाही मुदत असते, त्यामुळे ती संपण्याआधी हे काम करावे लागते.

प्रश्नचिन्ह दिसले म्हणजे फाइल खोटी का?

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा किंवा दाखला संगणकावर उघडला, की अनेकांना पिवळे प्रश्नचिन्ह आणि `Signature Not Verified` किंवा `Validity Unknown` असे शब्द दिसतात. याचा अर्थ फाइल खोटी आहे असा नसतो. ज्या प्रमाणन साखळीतून ती स्वाक्षरी आली, तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तुमच्या संगणकाला सांगितलेले नसते, इतकेच. स्वाक्षरीच्या तपशिलात जाऊन ते मूळ प्रमाणपत्र विश्वासू म्हणून नोंदवले, की हिरवी खूण येते. खरा धोका दाखवणारी खूण वेगळी असते : लाल फुली, किंवा स्वाक्षरीनंतर दस्तऐवज बदलला असल्याचा संदेश.

काही कृतींनी चांगली स्वाक्षरीही नकळत नष्ट होते. स्वाक्षरी केलेली फाइल ‘प्रिंट टू पीडीएफ’ केली, आकार कमी करणाऱ्या संकेतस्थळावर टाकली किंवा वर्षभराच्या चार फाइली जोडून एक केली, की नव्या फाइलमध्ये सहीचा चौकोन दिसतो, पण आत स्वाक्षरी उरत नाही. कागदावरील प्रिंटचेही तसेच. व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी जाते, तिच्या पानाचा फोटो किंवा स्क्रीनशॉट पाठवला तर फक्त चित्र जाते. दोघांच्या स्वाक्षऱ्या हव्या असतील, तर एकाने स्वाक्षरी केलेल्या त्याच फाइलवर दुसऱ्याने करावी. त्याने पहिली स्वाक्षरी बिघडत नाही.

मराठी मजकूर शोधताना अडचण का येते?

फाइल आहे, स्वाक्षरी शाबूत आहे, पण ‘बोअरवेल’ टाइप करून शोधले तर काहीच सापडत नाही. हा अनुभव मराठी कार्यालयांत नेहमीचा आहे आणि त्याची कारणे ठरावीक आहेत.

पहिले कारण म्हणजे स्कॅन. पान स्कॅन केले की संगणकाच्या दृष्टीने ते छायाचित्र असते. त्यातील अक्षरे ओळखण्याची प्रक्रिया (ओसीआर) करावी लागते. ती स्वाक्षरीच्या आधीच करायची, कारण नंतर केली तर फाइल बदलते आणि स्वाक्षरी तुटते. हाताने लिहिलेल्या जुन्या वह्यांवर ओसीआर भरवशाचे ठरत नाही. तेथे ठरावाचा विषय माणसानेच टाइप करून सूचीत घालावा.

दुसरे कारण म्हणजे जुने फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतींत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसते, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूरच मराठीत शोधता येतो. तपासण्याची सोपी युक्ती आहे : पीडीएफमधली दोन ओळी कॉपी करून मोबाइलवर व्हॉट्सॲपच्या चौकटीत पेस्ट करा. तिथे शुद्ध मराठी उमटले तर ठीक. निरर्थक चिन्हे आली, वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली किंवा जोडाक्षरे तुटली, तर ती फाइल पुढे शोधात सापडणार नाही. ही चाचणी स्वाक्षरीपूर्वी करायची.

तिसरे कारण लिहिण्याच्या सवयींचे. ‘पाणंद’ आणि ‘पानंद’, ‘बोअर’, ‘बोर’ आणि ‘विंधन विहीर’, ‘गट नं. १२’ आणि ‘गट नं. 12’ हे शोधयंत्राला निरनिराळे शब्द वाटू शकतात. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्य’ तर संगणकात दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवता येतो. दिसायला एकसारखा, शोधायला वेगळा. जिल्ह्याचे नावही जुन्या इतिवृत्तांत अहमदनगर आणि नव्यांत अहिल्यानगर आहे.

यावर उपाय म्हणजे फाइलबाहेर एक साधी सूची. सभेचा दिनांक, ठराव क्रमांक, विषय, गट नंबर, शोधशब्द, फाइलचे नाव आणि ठसा, एवढे रकाने पुरेत. शोधशब्दांच्या रकान्यात प्रचलित सगळी रूपे लिहावीत. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून राज्यात आणि पुढे देशात आलेल्या माहिती अधिकाराच्या कायद्यानेही हेच सांगितले आहे. २००५ च्या कायद्यातील कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध ठेवणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. नागरिकाने अर्ज करावा तेव्हा शोधाशोध सुरू व्हावी, असे कायद्याला अपेक्षित नाही.

एका ठरावाचा प्रवास कसा असावा?

पारनेर तालुक्यातील एखादे गाव उदाहरणादाखल घेऊ. १५ ऑगस्ट २०२५ च्या ग्रामसभेत ठराव क्रमांक ७ झाला : पाझर तलावाच्या खालच्या बाजूच्या ठरावीक गटांत सिंचनासाठी नवी विंधन विहीर घेऊ नये. २ ऑक्टोबरला इतिवृत्त वाचले गेले, एक गट नंबर दुरुस्त झाला आणि इतिवृत्त कायम झाले.

त्याच आठवड्यात युनिकोडमध्ये टाइप केलेला अंतिम मजकूर ‘पीडीएफ/ए’ स्वरूपात जतन केला. पीडीएफ/ए हा दीर्घकाळ जतन करण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय प्रकार आहे. त्यात फॉन्ट फाइलच्या आतच असतो आणि पासवर्ड लावता येत नाही. पासवर्ड नसणे इथे सोयीचे आहे, कारण पाच वर्षांनी तो आठवणारे कोणी कार्यालयात नसते. उपस्थितांच्या सह्यांची पाने स्कॅन करून जोडली. कॉपी-पेस्टची चाचणी झाली. मग ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंचांनी वेळ-शिक्क्यासह स्वाक्षऱ्या केल्या. फाइलचे नाव साधे आणि दिनांकाने सुरू होणारे ठेवले. शेवटी विंडोज संगणकावर एका आज्ञेने तिचा ठसा काढला :

```
certutil -hashfile 2025-08-15_gramsabha.pdf SHA256
```

यातून येणारी ६४ अक्षरांची ओळ सूचीत नोंदवली आणि प्रोसिडिंग बुकमध्ये त्या सभेच्या पानाखालीही चिकटवली. आता कागद आणि फाइल एकमेकांचे साक्षीदार झाले. फाइलच्या तीन प्रती झाल्या : कार्यालयीन संगणकावर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि गावाबाहेर, म्हणजे पंचायत समिती किंवा शासकीय सर्व्हरवर. एकट्या पेनड्राइव्हवर विसंबून राहिले नाही, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेला पेनड्राइव्ह पूर्वसूचना न देता वाचेनासा होतो.

दरवर्षी, समजा एप्रिलमध्ये, हीच आज्ञा तिन्ही प्रतींवर चालवायची. एखाद्या प्रतीचा ठसा जुळला नाही, तर ती प्रत बिघडली किंवा बदलली गेली असे समजून जुळणाऱ्या प्रतीवरून नवी करायची. अधिकाऱ्याची बदली झाली, की हस्तांतर यादीत ‘इतिवृत्त वह्या’ यांच्या शेजारी फाइलींची संख्या आणि ठशांची सूची लिहायची.

आता २०३८ मध्ये वाद उभा राहिला असे समजू. सूचीत ‘बोअर’ शोधल्यावर ठराव सापडतो. फाइलची स्वाक्षरी वेळ-शिक्क्याच्या आधारे तपासता येते. ठसा वहीतील ओळीशी जुळतो. न्यायालयात द्यायची वेळ आली, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याच्या नमुन्यात ठसा व तो काढण्याची पद्धत नमूद करायची असते. जो आकडा तेथे लिहायचा, तो इथे पहिल्या दिवसापासून नोंदलेला असतो.

मग वही बंद करता येईल का?

ग्रामपंचायतीला सध्या तरी नाही. सभांच्या नियमांनी इतिवृत्ताची वही सांगितली आहे, त्यामुळे डिजिटल प्रत वहीच्या जोडीने ठेवायची. कंपन्यांची स्थिती वेगळी आहे. २०१३ चा कंपनी कायदा आणि त्याखालील नियम इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील इतिवृत्ताला परवानगी देतात. जिल्ह्यातील शेतकरी उत्पादक कंपन्या याच कायद्याखाली नोंदलेल्या असल्याने त्यांना पूर्ण डिजिटल इतिवृत्त ठेवता येते. मात्र सभेनंतर ३० दिवसांत नोंद करण्याचे बंधन त्यांनाही आहे.

डिजिटल स्वाक्षरीची मर्यादाही लक्षात ठेवावी लागते. फाइल कोणी स्वाक्षरीत केली आणि नंतर ती बदलली नाही, एवढेच ती सांगते. ग्रामसभेला गणपूर्ती, म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असलेली संख्या, खरोखर होती का, ठराव मोठ्याने वाचला गेला का, हे ती सांगू शकत नाही. चावडीवर न झालेल्या सभेचे इतिवृत्तही तांत्रिकदृष्ट्या निर्दोष स्वाक्षरीने बंद करता येते. त्यासाठी २ ऑक्टोबरला मागील इतिवृत्त वाचले जात असताना गावकऱ्यांनी तिथे हजर राहून ते ऐकणे आणि चूक असेल तर फाइलवर स्वाक्षरी होण्याआधी उठून सांगणे, हाच मार्ग आहे.